मे सापडतो, ऑगस्ट हरवतो

कागल तालुक्यातल्या मुरगूडचा अक्षांश सुमारे १६.४ अंश उत्तर आहे. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या कोणत्याही गावाप्रमाणे वेदगंगेकाठच्या या गावातही सूर्य वर्षातून दोन दिवस भर मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे दिवस कोणते, ते काढायला बारावीच्या त्रिकोणमितीपलीकडचे काही लागत नाही. सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या जितके अंश उत्तरेला असतो त्याला त्याची क्रांती म्हणतात. ती गावाच्या अक्षांशाएवढी झाली की त्या मध्यान्ही सावली शून्य होते. वसंतसंपातापासून सूर्य आपल्या मार्गावर किती अंश पुढे आला ते λ ने, क्रांती δ ने आणि पृथ्वीच्या अक्षाचा २३.४४ अंशांचा कल ε ने दाखवला, तर sin δ = sin ε × sin λ हे सूत्र मिळते. मुरगूडसाठी δ = १६.४ अंश घ्यायची. sin 16.4° म्हणजे ०.२८२ आणि sin 23.44° म्हणजे ०.३९८, म्हणून sin λ = 0.71. आता कॅल्क्युलेटरवर साइन इन्व्हर्सचे बटण दाबले की ४५.२ अंश हे उत्तर येते. वसंतसंपातापासून ४५ अंश पुढे सूर्य ६ मेच्या आसपास असतो, म्हणजे उत्तर बरोबर आहे. पण सूर्य डोक्यावर येतो दोनदा, आणि आकडेमोडीत कोठेही चूक नसताना दुसरा दिवस गेला कोठे? तो १३४.८ अंशांवर आहे, ऑगस्टच्या ७ तारखेच्या आसपास, आणि कॅल्क्युलेटरचे बटण तो कधीही दाखवणार नाही. पश्चिम महाराष्ट्रात त्या दिवसांत आभाळ बहुधा ढगांनी भरलेले असते, त्यामुळे हा दिवस डोळ्यांनाही सहसा दिसत नाही. सूत्राने एकच तारीख दिली तरी संशय येत नाही, याचे तेही एक कारण असावे.

ऑगस्टची तारीख सुटते ती साइन इन्व्हर्स या फलनाच्या व्याख्येमुळे. साइनला कोन दिला की एकच संख्या मिळते, पण तीच संख्या देणारे कोन असंख्य असतात. ०.५ ही किंमत ३० अंशांना मिळते, १५० अंशांना मिळते, ३९० आणि ५१० अंशांनाही मिळते. उलटी वाट फलन म्हणून वापरायची तर प्रत्येक संख्येला एकच कोन द्यावा लागतो. म्हणून गणिताने प्रत्येक फलनासाठी कोनांचा एक पट्टा ठरवला आहे, वर्गात ज्याला प्रिन्सिपल व्हॅल्यूची रेंज म्हणतात. साइन इन्व्हर्सचा पट्टा −९० ते ९० अंश, कॉस इन्व्हर्सचा ० ते १८० अंश, आणि टॅन इन्व्हर्सचा −९० ते ९० अंशांच्या आतला, टोके सोडून. हे पट्टे मनमानीने घेतलेले नाहीत. साइन −९० पासून ९० पर्यंत एकसारखा वाढत जातो आणि −१ ते १ मधली प्रत्येक किंमत एकदा आणि एकदाच घेतो. कॉसला तोच पट्टा दिला असता तर चालले नसते. तेथे कॉस कधीच ऋण होत नाही आणि प्रत्येक धन किंमत दोनदा येते, फक्त मधल्या शून्य अंशाची १ ही किंमत त्याला अपवाद. म्हणून कॉसला ० ते १८० हा पट्टा घ्यावा लागला. तेव्हा sin⁻¹(1/2) याचा अर्थ ‘ज्याचा साइन अर्धा आहे असा कोन’ एवढाच होत नाही. ‘ज्याचा साइन अर्धा आहे आणि जो −९० ते ९० अंशांत आहे असा कोन’ असा तो होतो. पाठांतरात वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग गळतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या गळलेल्या भागातून येतात.

या चुका टिकून का राहतात, हा मला खरा प्रश्न वाटतो. विद्यार्थी ताळा करत नाही म्हणून त्या राहतात, असे म्हणणे पुरेसे नाही. ताळा केल्यावरही त्या राहतात. शाळेपासून लागलेली सवय अशी की उत्तर परत समीकरणात घालून बघायचे. वर्गमूळ काढले तर वर्ग करून बघायचा, भागाकार केला तर गुणून बघायचे. त्या सवयीने sin⁻¹(1/2) = 150° असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी sin 150° काढतो, त्याला अर्धा मिळतो आणि तो समाधानाने पुढे जातो. ताळा पूर्ण झाला, उत्तर चूकच राहिले. कारण उत्तरात जी चूक आहे ती पट्ट्याची आहे, आणि साइन घेण्याची क्रिया नेमकी पट्ट्याचीच माहिती पुसून टाकते. ३० आणि १५० यांतला फरक साइन घेतल्याक्षणी उरत नाही. गाळणीतून गेलेल्या पाण्याकडे बघून गाळणीत काय अडकले ते सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून व्यस्त त्रिकोणमितीय फलनांच्या उत्तराला दोन वेगळे ताळे लागतात. पहिला नेहमीचा: साइन, कॉस किंवा टॅन घेतल्यावर दिलेली संख्या येते का? दुसरा: आलेला कोन ठरलेल्या पट्ट्यात आहे का? पहिला ताळा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. आणि गणित जेथे लांबते तेथे दुसरा ताळा शेवटच्या ओळीवर नाही, तर ज्या ओळीत टॅन किंवा साइन ‘दोन्ही बाजूंना घेतला’ त्या ओळीच्या आधी जाऊन करावा लागतो.

मुरगूडच्या सूर्याचेच थोडे लांबचे गणित घेऊ, कारण त्यात दोन्ही ताळ्यांच्या जागा स्पष्ट दिसतात. समजा एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर उभी आहे आणि मध्यान्ही तिची सावली १० सेंटिमीटर, उत्तरेकडे पडलेली आहे. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. मुरगूड साधारण ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, म्हणून येथे सूर्य एप्रिल-मे महिन्यांत साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. सावली भागिले उंची म्हणजे ०.१, आणि tan⁻¹(0.1) म्हणजे सुमारे ५.७ अंश. इतक्या अंशांनी सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ढळलेला आहे. पण कोणत्या बाजूला? टॅन इन्व्हर्सला ते ठाऊक नाही, ते सावली सांगते. सावली उत्तरेकडे म्हणजे सूर्य दक्षिणेकडे, म्हणून क्रांती १६.४ वजा ५.७, म्हणजे १०.७ अंश. सावली दक्षिणेकडे असती तर तीच क्रांती २२.१ अंश झाली असती. मुरगुडात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली खरोखरच दक्षिणेकडे पडते, २१ जूनला एक मीटर काठीची सुमारे १२ सेंटिमीटर. आता पुढची पायरी: sin 10.7° भागिले ०.३९८ म्हणजे ०.४६७, आणि त्याचा साइन इन्व्हर्स २७.८ अंश. सूर्य तेथे १८ एप्रिलच्या आसपास असतो. पण १८० वजा २७.८, म्हणजे १५२.२ अंश, याचाही साइन ०.४६७ च आहे, आणि तेथे सूर्य २५ ऑगस्टच्या सुमारास असतो. दोन्ही उत्तरे परत सूत्रात घाला, दोन्ही पास होतील. कोणती तारीख खरी, ते ठरवायला सूत्राबाहेरची एक गोष्ट लागते: दुसऱ्या दिवशी सावली लहान झाली की मोठी? उत्तरेकडची सावली रोज आखडत असेल तर सूर्य उत्तरेकडे सरकतो आहे, म्हणजे एप्रिल. रोज लांबत असेल तर ऑगस्ट.

ही अडचण आजच्या अभ्यासक्रमाने निर्माण केलेली नाही. मध्यान्हीच्या सावलीवरून सूर्याचे स्थान काढण्याची हीच रीत सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात आहे, फक्त तेथे अक्षाचा कल २४ अंश धरलेला आहे. त्या ग्रंथातली ज्या-सारणी शून्यापासून ९० अंशांपर्यंतच जाते, २२५ कलांच्या अंतराने २४ ज्या. सारणीतून उलटे जाऊन धनू काढायचा म्हणजे नेहमी ९० अंशांच्या आतलाच कोन हाती येणार. आणि ग्रंथ तेथे थांबत नाही. आलेला कोन मेषादी चरणात तसाच ठेवावा, कर्कादी चरणात अर्धवर्तुळातून वजा करावा, तुळादी चरणात त्यात अर्धवर्तुळ मिळवावे, मकरादी चरणात तो पूर्ण वर्तुळातून वजा करावा, असे तो सांगतो. आपल्या भाषेत मेषादी म्हणजे पहिला चरण, कर्कादी दुसरा, तुळादी तिसरा, मकरादी चौथा. मुरगूडच्या उदाहरणातले १५२.२ अंश याच कर्कादी नियमाने मिळतात. सारणी वापरणाऱ्या गणितज्ञाला रोज पंचांग करायचे होते. एप्रिलऐवजी ऑगस्ट निघाला असता तर पुढचे सगळे आकडे कोसळले असते. त्यामुळे चरणाचा नियम त्याच्यासाठी सूत्राचाच भाग होता. आपल्या वर्गात मात्र सूत्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत येते आणि पट्टा धड्याच्या सुरुवातीच्या एका तक्त्यात राहतो, जो परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडला जातो.

आता वर्गातल्या गणिताकडे वळू. येथे चूक उलट्या दिशेने होते. सूर्याच्या प्रश्नात हवे असलेले एक उत्तर हरवत होते, येथे नको असलेले उत्तर आत येते. बारावीच्या सरावात हमखास भेटणारे एक समीकरण असे आहे: tan⁻¹(2x) + tan⁻¹(3x) = π/4. नेहमीची रीत म्हणजे दोन्ही बाजूंचा टॅन घ्यायचा. डावीकडे बेरजेच्या सूत्राने 5x/(1 − 6x²) मिळते, उजवीकडे १. त्यातून 6x² + 5x − 1 = 0, आणि x = 1/6 किंवा x = −1. बरेच विद्यार्थी दोन्ही उत्तरे लिहून मोकळे होतात. ज्यांना ताळ्याची सवय आहे ते दोन्ही किमती 5x/(1 − 6x²) = 1 या ओळीत घालतात. x = −1 घातल्यावर वर −५ आणि खाली −५, भागाकार १, म्हणजे पास. पण ही ओळ टॅन घेतल्यानंतरची आहे. मूळ समीकरणात x = −1 घातले तर डावीकडे tan⁻¹(−2) + tan⁻¹(−3) येते, म्हणजे −६३.४ अंश आणि −७१.६ अंश, बेरीज −१३५ अंश. उजवीकडे ४५ अंश. दोघांचा टॅन एकच आहे, पण कोन एक नाहीत. त्यांच्यात १८० अंशांचे अंतर आहे, आणि टॅनला १८० अंशांचा फरक दिसत नाही. म्हणून x = −1 हे मूळ समीकरणाचे उत्तर नाही. x = 1/6 साठी tan⁻¹(1/3) म्हणजे १८.४ अंश आणि tan⁻¹(1/2) म्हणजे २६.६ अंश, बेरीज ४५. ते खरे उत्तर. कॅल्क्युलेटर हाती नसला तरी हा निवाडा एका वाक्यात होतो: टॅन इन्व्हर्स आपल्या आतल्या संख्येचेच चिन्ह घेतो, x ऋण असेल तर डावी बाजू दोन ऋण कोनांची बेरीज आहे, आणि ती धन π/4 एवढी होऊच शकत नाही. उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहिले की −१ नाकारण्याचे कारण पुरे होते. नुसते ‘अमान्य’ लिहून खोडले तर वाचणाऱ्याला कारण समजले की पाठ केले ते कळत नाही.

बेरजेच्या सूत्रातच ही खोच दडलेली आहे. tan⁻¹x + tan⁻¹y = tan⁻¹((x + y)/(1 − xy)) हे सूत्र xy < 1 असतानाच तसेच्या तसे खरे आहे. tan⁻¹2 + tan⁻¹3 यात 2 × 3 = 6, एकापेक्षा मोठे. सूत्रात आंधळेपणाने घातले तर (2 + 3)/(1 − 6) म्हणजे −१, आणि उत्तर −π/4 येते. परत टॅन घेऊन बघा, बेरजेचा टॅन −१ च आहे, म्हणजे पहिला ताळा येथेही पास. पण दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी होईल? ६३.४ आणि ७१.६ यांची बेरीज १३५ अंश आहे, म्हणजे 3π/4. −४५ आणि १३५ यांत पुन्हा तेच १८० अंशांचे अंतर. म्हणून x आणि y दोन्ही धन आणि xy > 1 असेल तर उजव्या बाजूला π मिळवावा लागतो, दोन्ही ऋण असतील आणि xy > 1 असेल तर π वजा करावा लागतो. हे तीन पोटनियम पाठ करण्यापेक्षा मी दुसरी सवय सुचवीन: सूत्र लावण्याच्या आधीच बेरजेचा ढोबळ अंदाज बांधायचा. टॅन इन्व्हर्स १ म्हणजे ४५ अंश, १ पेक्षा मोठ्या संख्येचा ४५ आणि ९० च्या मधला. दोन्ही संख्या १ पेक्षा मोठ्या असतील तर बेरीज ९० आणि १८० च्या मध्येच असणार, सूत्र काहीही म्हणो. एवढ्या अंदाजाने tan⁻¹1 + tan⁻¹2 + tan⁻¹3 ची बेरीज शून्य नसून π आहे हेही लगेच दिसते.

‘परीक्षेत संख्या सोयीच्याच देतात, मग एवढी काळजी कशाला?’ असा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदी पोकळ नाही. पुष्कळ प्रश्नांत x च्या किमतीवर अट लिहिलेली असते आणि ती अट पाळली की सूत्र निमूटपणे बरोबर उत्तर देते. अडचण अवकलनाच्या धड्यात येते, कारण तेथे अट पुष्कळदा गृहीत धरली जाते. y = sin⁻¹(2x/(1 + x²)) याचे अवकलन काढा, हा प्रश्न घ्या. रूढ रीतीने x = tan θ ठेवायचे, आतला भाग sin 2θ होतो, sin⁻¹(sin 2θ) = 2θ लिहायचे, म्हणून y = 2tan⁻¹x आणि अवकलन 2/(1 + x²). यातली ‘sin⁻¹(sin 2θ) = 2θ’ ही पायरी 2θ हा कोन −९० ते ९० अंशांत असेल तेव्हाच खरी आहे, म्हणजे x −१ ते १ मध्ये असेल तेव्हाच. x = 2 घ्या. आतला भाग ४/५, त्याचा साइन इन्व्हर्स ५३.१ अंश. 2tan⁻¹2 मात्र १२६.९ अंश. साइन दोघांचा ४/५, कोन वेगळे. x = 3 घ्या, आतला भाग ६/१०, साइन इन्व्हर्स ३६.९ अंश. x दोनावरून तीनवर गेला आणि y ५३.१ वरून ३६.९ वर घसरला. घसरणाऱ्या फलनाचे अवकलन धन असू शकत नाही, म्हणजे 2/(1 + x²) हे उत्तर १ पेक्षा मोठ्या x साठी चिन्हासकट चूक आहे. तेथे y = π − 2tan⁻¹x आणि अवकलन −2/(1 + x²). x = 2 पाशी ते −०.४ येते. दोन आणि २.१ यांवर y च्या किमती रेडियनमध्ये ०.९२७ आणि ०.८८९, फरक −०.०३८, भागिले ०.१ म्हणजे सुमारे −०.३८. चिन्ह जुळले आणि आकारही जुळला. x = 1 पाशी आलेखाला टोक येते, तेथे अवकलनच नाही.

हीच चूक दुसऱ्या वाटेने कशी दिसते तेही बघण्यासारखे आहे. प्रतियोजन न करता साखळी नियमाने सरळ अवकलन काढले तर छेदात √(1 − u²) येते, जेथे u = 2x/(1 + x²). ते सोडवल्यावर वर्गमुळाखाली (1 − x²)² भागिले (1 + x²)² उरते. वर्गाचे वर्गमूळ म्हणजे 1 − x² नव्हे, |1 − x²|. ज्याने निरपेक्ष मूल्याच्या त्या दोन उभ्या रेघा गाळल्या त्याला x = 2 पाशी पुन्हा धन उत्तर मिळेल, आणि दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर आले म्हणून त्याचा विश्वास आणखी पक्का होईल. येथे मला विशेष काळजी वाटते. दोन रीतींचा मेळ हा चांगला ताळा मानला जातो, पण दोन्ही रीतींत तीच एक बाजू दुर्लक्षित झाली असेल तर मेळ बसूनही काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा एखादी संख्या घालून फलन चढते की उतरते ते बघणे कमी वेळाचे आहे आणि ते अशा चुकीला खरोखर पकडते.

दुसरा आक्षेप कॅल्क्युलेटरचा आणि संगणकाचा: यंत्र तर नेहमी पट्ट्यातलेच उत्तर देते, मग चूक कशी होईल? यंत्र ठरलेल्या पट्ट्यातले उत्तर देते हे खरे, पण प्रश्नाला हवे असलेले उत्तर त्या पट्ट्यात असेलच असे नाही. ऑगस्टची तारीख यंत्रानेच गाळली होती. जमीन मोजणीतही हे होते. एका खुणेपासून दुसरी खूण ३० मीटर पश्चिमेला आणि ४० मीटर दक्षिणेला असेल, तर पूर्वेचे अंतर −३०, उत्तरेचे −४०, भागाकार ०.७५ आणि टॅन इन्व्हर्स ३६.९ अंश. उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजलेली खरी दिशा मात्र २१६.९ अंश आहे. भागाकार करताना दोन्ही ऋण चिन्हे एकमेकांना खाऊन गेली, आणि नैर्ऋत्येची खूण ईशान्येला जाऊन बसली. संगणकाच्या भाषांत यासाठी atan2 नावाचे वेगळे फलन ठेवलेले असते, ज्याला भागाकार न देता दोन्ही अंतरे वेगवेगळी द्यायची असतात. मात्र बहुतेक भाषांत ते कोन पूर्वेकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजते आणि −π ते π रेडियनमध्ये देते, म्हणून त्याचेही उत्तर दिशेत बदलून घ्यावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पट्टा हा शेवटी संकेत आहे, निसर्गाने दिलेला नाही, मग दुसऱ्या पट्ट्यातले उत्तर चूक का म्हणायचे? पट्टा संकेत आहे हे मान्यच करायला हवे. सेक इन्व्हर्सच्या बाबतीत तर दोन संकेत खरोखर प्रचलित आहेत. एनसीईआरटीच्या पुस्तकात पट्टा ० ते १८० अंश आहे, ९० अंश वगळून. कलनशास्त्राच्या काही ग्रंथांत तो ० ते ९० आणि १८० ते २७० असा दोन तुकड्यांत घेतात. पहिल्या संकेताने sec⁻¹(−2) = 120°, दुसऱ्याने २४० अंश. दोघांचा सेक −२ च. दुसरा संकेत घेणाऱ्यांचा फायदा असा की अवकलन 1/(x√(x² − 1)) असे निरपेक्ष मूल्याशिवाय लिहिता येते. पहिल्यात 1/(|x|√(x² − 1)) लिहावे लागते. x = −2 पाशी एका संकेताने उतार धन येतो, दुसऱ्याने तेवढाच ऋण, आणि आपापल्या पट्ट्यात दोन्ही बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा पहिल्या पुस्तकातला पट्टा आणि दुसऱ्या पुस्तकातले अवकलनाचे सूत्र एकाच गणितात येतात. तसे झाले तर १२० अंशांचा कोन आणि ऋण उतार शेजारी शेजारी बसतात, आणि सेक घेऊन केलेला कोणताही ताळा तो विरोध दाखवत नाही. x = −2 वरून −1.9 वर जाऊन पाहावे लागते: ० ते १८० च्या पट्ट्यात कोन १२० अंशांवरून सुमारे १२१.८ अंशांवर चढतो, म्हणजे त्या पट्ट्याबरोबर धन उतारच जुळतो. म्हणून सेक इन्व्हर्सचे उत्तर लिहिताना त्याच ओळीत पट्टाही लिहावा, आणि उत्तरतालिकेशी ताडून पाहताना तालिकेचा पट्टा कोणता ते आधी बघावे.